मान घासून उजळत नाही

ती आली तेव्हा गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला होता. मे महिन्यातलं पुण्याचं ऊन, आणि तरी स्कार्फ. सोबत आई होती. वजनाचं सगळं बोलून झाल्यावर आईच म्हणाली, "मॅडम, तेवढं सांगा हिला, अंघोळ करताना मान नीट घासत जा म्हणून. बेसन-दही झालं, लिंबू चोळून झालं, मान आपली काळी ती काळीच." मुलीने स्कार्फ सोडला. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, जाडसर, मखमलीसारखी काळपट वळी होती. काखेतही तसंच आहे, असं तिने आईची नजर चुकवून सांगितलं.

तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन बराच काळ चढं राहिलं की त्वचेच्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि घडी पडते त्या जागी त्वचा अशी जाड, काळी होते. डॉक्टर तिला ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. दोन वर्षं ही मुलगी स्वतःला अस्वच्छ समजत होती, आणि खरं तर तिची मान तिच्या आजाराचं मूळ सांगत होती.

वय २७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, पोटाचा घेर ९४ सेंटिमीटर. पाळी कधी ४५ दिवसांनी, कधी ६० दिवसांनी. हनुवटीवर राठ केस. पीसीओएसचं निदान झालेलं, घरात मात्र त्याला ‘पीसीओडी’ किंवा ‘गाठी झाल्यात’ असं म्हणत. (त्या गाठी नसतात. अर्धवट वाढून थांबलेली बीजकोषं सोनोग्राफीत मण्यांसारखी दिसतात, एवढंच. त्या काढायच्या नसतात आणि त्यांना घाबरायचंही नसतं.) तिची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, पण असं चित्र मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहते.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय, हे मी तिला असं सांगितलं. घरात आजोबांना कमी ऐकू येत असेल तर सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. इथे कमी ऐकू येतं ते स्नायूंना. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, म्हणजे स्नायूंना हाक मारतं, "साखर आत घ्या." स्नायू लवकर ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आवाज चढवतं. दुप्पट, तिप्पट इन्सुलिन सोडून साखर ताळ्यावर ठेवतं. त्यामुळे साखरेचा रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येतो. घरातल्या बाकीच्यांचे कान मात्र शाबूत असतात. बीजकोष हे सगळं ओरडणं पूर्ण जोराने ऐकतात आणि त्या ताणाखाली जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात. यकृत रक्तात एक प्रथिन सोडतं, जे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. चढ्या इन्सुलिनमुळे ते प्रथिनही कमी बनतं, म्हणजे मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मग बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमं येतात. पोटाभोवतीची चरबी वाढली की स्नायूंना आणखी कमी ऐकू येतं, आणि आवाज आणखी चढतो.

हे फक्त जाड मुलींचं दुखणं आहे, असा समज फार घट्ट आहे. १९८९मध्ये अमेरिकेत अँड्रिया ड्युनेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की पीसीओएस असलेल्या सडपातळ बायकांमध्येही इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं. आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली अंगकाठी बारीक दिसते, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि बायकांच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात. वजनकाट्यापेक्षा मी टेपवर जास्त विश्वास ठेवते, तो यामुळेच.

तिने स्वतःहून उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी करून आणली होती. आकडा जास्त होता आणि तिने त्यावर लाल गोल काढला होता. हा आकडा दिवसागणिक, लॅबगणिक हलतो. पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना रोजच्या उपचारात तो मोजायला सांगत नाहीत. त्या सांगतात ती ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहण्याची तपासणी, कारण मधुमेह दाराशी आलाय का ते तिच्यातून कळतं. तिची ती साखर सुदैवाने हद्दीत होती.

मग आम्ही तिच्या दिवसाकडे वळलो. सकाळी सातला दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं. नवाला डब्यातले पोहे, कंपनीच्या बसमध्ये. दोनला तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी, थोडा भात. पाचला चहा आणि खारी. रात्री साडेनवाला वरण-भात, पोळी. सोमवारी उपवास. यात बाहेरचं चमचमीत काहीही नाही. कोणतीही आई म्हणेल, किती साधं जेवते पोरगी. मी कागदावर प्रथिनं मांडली. दिवसभराची ३७-३८ ग्रॅमच्या आसपास भरली. तिच्या उंचीला ६५ ते ७० तरी हवी होती. शिवाय सकाळी सात ते रात्री दहा एकही वेळ अशी नव्हती की पिठूळ किंवा गोड पदार्थ येत नव्हता. म्हणजे पंधरा तास स्वादुपिंडाने ओरडत राहायचं.

पीसीओएसला अमुकच आहार लागतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लो-कार्ब, किटो, ग्लूटेन बंद, दूध बंद असे सगळे प्रकार येऊन जातात. त्याच मार्गदर्शक सूचनांच्या २०२३च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे, की कोणताही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. म्हणून मी पदार्थ फारसे बदलत नाही. ताटाची मांडणी बदलते. तिच्या घरी चार माणसांचा एकच स्वयंपाक होता आणि आई सकाळी साडेपाचला उठत होती. हिच्यासाठी वेगळं काही रांधायला सांगितलं असतं, तर ते पंधरा दिवससुद्धा टिकलं नसतं.

पहिला बदल न्याहारीत. पोहे बंद केले नाहीत. कोरडे पोहे ६० ग्रॅमवरून ४०वर आणले आणि सोबत मोड आलेल्या मटकीची एक वाटी उसळ व दोन उकडलेली अंडी दिली. पोह्यांची ३, मटकीची ७, अंड्यांची १२, अशी २२ ग्रॅम प्रथिनं झाली. आधी ५ होती. अंडं चालत नाही त्या दिवशी मुगाच्या डाळीचं धिरडं आणि त्यात ५० ग्रॅम पनीर किसून, तेवढीच भरतात. दुपारी तीनऐवजी दोन पोळ्या, भात नको, आणि आमटीऐवजी घट्ट वरण किंवा उसळ मोठी वाटी भरून, पालेभाजी आणि एक वाटी दही. आमटी पातळ केली की डाळ दिसते पण पोटात जात नाही, हे मी प्रत्येक घरात सांगते. एका माणसाला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर कोरडी डाळ शिजायला हवी. तेव्हा कुठे ७ ग्रॅम मिळतात. पाचला चहा अर्ध्या चमच्या साखरेचा, आणि खारीऐवजी मूठभर फुटाणे. रात्री साडेआठला एक ज्वारीची भाकरी, पिठलं, भाजी, ताक. भाकरीची ६, ४० ग्रॅम बेसनाच्या पिठल्याची ९, ताकाची ३. पिठलं-भाकरी हे गरिबाचं जेवण म्हणून आपण बाजूला सारलं, पण अशा ताटाला नाव ठेवायला जागा नाही.

दुसरा बदल जेवायच्या क्रमात. आधी भाजी, उसळ, दही यातलं थोडं संपवायचं, मग पोळीला हात लावायचा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५मध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. तेच जेवण, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव नंतर. जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन, दोन्ही बरीच कमी चढली. रात्री जेवून लगेच सोफ्यावर न बसता गच्चीत पंधरा मिनिटं फेऱ्या. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघता साखर आत ओढतो. बहिऱ्या आजोबांना हाक न मारता हात धरून ताटावर आणण्यासारखं ते आहे. आणि आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम. जिम परवडत नव्हती, म्हणून खुर्चीवर बसणं-उठणं, भिंतीला टेकून दंड, आणि पाण्याच्या भरलेल्या पाच लिटरच्या कॅनने उचल-ठेव. साखर साठवायला स्नायूंएवढं मोठं कोठार शरीरात दुसरं नाही.

तिसरी गोष्ट तेल. तेलाने इन्सुलिन चढत नाही, पण एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि चरबी उतरवायची तर हिशेब शेवटी कॅलरींचाच आहे. चमचे मोजायला सांगितलं की बायका वैतागतात. त्यापेक्षा महिन्याचं तेल मोजावं. चार माणसांच्या घरात दोन ते तीन लिटर पुरलं पाहिजे, म्हणजे माणशी अर्धा ते पाऊण लिटर. त्यांच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत होता. आईने पळी बदलून लहान घेतली. एवढंच केलं.

घसरण झाली ती उपवासाला. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक मंगळवारी तिचं वजन वर गेलेलं दिसे. विचारलं तर म्हणाली, सोमवारी तर मी काहीच खात नाही. ‘काहीच’ म्हणजे सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स आणि रात्री उपवास सोडताना गोडासकट जेवण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ८० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं आणि नावालाही प्रथिन नाही. वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. दिवसभराच्या भुकेने रात्री हात थांबत नाही तो वेगळाच. उपवास मोडायला मी सांगितलं नाही. त्यांच्या घरी तो आजीपासून चालत आला आहे. खिचडीच्या जागी दही, राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि रात्री नेहमीचं ताट, एवढं ठरलं. गुळाचं तसंच. साखर सोडून गुळाचा चहा घेणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. इन्सुलिनला त्या दोन्हींत फरक कळत नाही.

आता वेगाचं. यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

तिला एका व्यायामशाळेने दोन महिन्यांत बारा किलोंचा शब्द दिला होता. तिने रात्रीचं जेवण बंद करून चार किलो उतरवले, पुढच्या तीन महिन्यांत सहा किलो परत चढवले, आणि आपलं शरीर बिघडलंय असा निष्कर्ष काढला. पीसीओएसमध्ये चयापचय इतकं मंद असतं की चरबी उतरतच नाही, हे जिकडेतिकडे ऐकू येतं. ते खरं नाही. बसल्या जागी शरीर किती ऊर्जा जाळतं, हे बहुतेक अभ्यासांत पीसीओएस असलेल्या आणि नसलेल्या बायकांमध्ये साधारण सारखंच निघालं आहे. सारखाच आहार आणि व्यायाम दिला तर वजनही जवळपास सारखंच उतरतं. यात भूक मात्र जास्त लागू शकते, मन लवकर खचतं, झोप बिघडते. म्हणून मार्गावर टिकणं कठीण जातं.

हिशेब असा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तिचं नवं ताट आणि चालणं मिळून रोज अंदाजे ३५० कॅलरींची तूट पडत होती. महिन्याला साडेदहा हजार, म्हणजे कागदावर सुमारे १.४ किलो. कागदावरचं शरीरात उतरत नाही. लग्नकार्यं येतात, ऑफिसात वाढदिवस असतात, अंग हलकं झालं की ते कमी ऊर्जा जाळतं, आणि कमी खाणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. म्हणून मी महिन्याला पाऊण किलो ते एक किलो, एवढंच सांगते. त्याहून जास्त सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी तीच मुलगी भेटायची नसते.

तिच्या वहीतले आकडे सांगते. पहिल्या पंधरा दिवसांत १.६ किलो गेले. ती आनंदाने फुलून आली आणि मला तिचा आनंद थोडा कमी करावा लागला. साठवलेली साखर वापरली जाते तेव्हा तिच्या तिप्पट वजनाचं पाणीही बाहेर पडतं. पहिल्या पंधरवड्यातलं बरंचसं ते असतं. महिन्याच्या शेवटी ७२.२. मग पाचव्या ते आठव्या आठवड्यात काटा ७२ आणि ७२.४ यांच्यामध्ये अडकला. या टप्प्यावर बहुतेक जणी सोडतात. तिचा रात्री फोन आला, "मॅडम, सगळं करतेय, काहीच होत नाहीये." टेप लाव म्हटलं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. ९१.५. अडीच सेंटिमीटर गेले होते. चरबी जात होती आणि तिच्या जागी पाणी साचत होतं, कारण चार दिवसांनी पाळी आली, ३८व्या दिवशी. पाळीआधी एक ते दोन किलो पाणी कुणाच्याही अंगात चढतं. नियमित पाळी असलेलीला ते कळतं. ५० दिवस पाळीच नसेल तर कोणता किलो पाण्याचा आणि कोणता चरबीचा, हे काट्यावरून ओळखता येत नाही. म्हणून रोज वजन करायचं असेल तर सात दिवसांची सरासरी काढावी, आणि एका सरासरीची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी करावी. आठवड्या-आठवड्याची तुलना फसवते. सरासरी आणि घेर, दोन्ही सहा आठवडे हलले नाहीत, तरच ताट पुन्हा तपासायचं.

तीन महिन्यांनी ७१, सहा महिन्यांनी ६९.३, घेर ८८. म्हणजे अर्ध्या वर्षात पावणेपाच किलो. शेजारच्या काकूंना ते दिसलंही नसेल. पण मूळ वजनाच्या पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की अनेकींची पाळी जवळ यायला लागते, आणि तिची ३४ ते ३८ दिवसांवर स्थिरावली. इथे एक गोष्ट लग्न झालेल्या मुलींना मी आवर्जून सांगते. पाळी सुधारते म्हणजे बीज बाहेर पडू लागतं. मूल नको असेल तर ‘मला पीसीओएस आहे, मला राहत नाही’ या समजावर राहू नये. उलट तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर वजन उतरायची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. गर्भाशयाचं अस्तर न पडता साठत राहणं धोक्याचं असतं, आणि त्याला गोळ्या लागतात.

तिला डॉक्टरांनी मेटफॉर्मिनही सुरू केलं होतं. स्नायूंचा बहिरेपणा त्याने थोडा कमी होतो, पण वजन फारच थोडं उतरतं. पोट बिघडतं म्हणून ते जेवणासोबत आणि हळूहळू वाढवत घ्यायचं असतं, आणि लांबून चालू ठेवलं तर बी-१२ तपासत राहावं लागतं. मैत्रिणीला दिलंय म्हणून आपण सुरू करायचं हे औषध नाही.

काही गोष्टी तर वजनाहूनही सावकाश बदलतात. हनुवटीवरचे केस नव्याने कमी उगवायला सहा महिने आणि त्याहून जास्त लागतात. जे राठ झालेत ते आहाराने जात नाहीत, त्यांना लेझर किंवा औषधच लागतं. मान फिकी होते, पण महिन्यांच्या हिशेबाने, आणि कधी पूर्ण नाही. तिची आठव्या महिन्यात फिकी झालेली दिसली. वळी मऊ पडली होती. आईने घासायला लावणं पहिल्या भेटीनंतरच थांबवलं होतं.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा वजन ६८ होतं, घेर ८६. ८०ला अजून सहा सेंटिमीटर आहेत. समोर दिवाळी, नोव्हेंबरात भावाचं लग्न, घरात पाहुणे. तिला विचारायचं होतं, की फराळाला हात लावायचा नाही का. मी वहीत पुढच्या दहा आठवड्यांसाठी एकच ओळ लिहून दिली: ६८ वर राहायचं. न्याहारीची उसळ आणि रात्रीच्या फेऱ्या चालू, चकली-करंजी जेवणानंतर, डब्यातून काढून ताटलीत. उतरवायचं पुन्हा जानेवारीपासून.